मोडी पत्रांचे लिप्यंतर व अर्थांतर

मोडी पत्रांचे लिप्यंतर व अर्थांतर : मोडी लिपीत लिहिलेले जुने हस्तलिखित पत्र प्रथम देवनागरी लिपीत आणून नंतर त्याचा मजकूर आजच्या मराठीत मांडण्याची क्रिया. ही वस्तुतः दोन भिन्न कामे आहेत. पत्र मराठीतच असल्याने लिपी बदलली की काम संपले, असा समज सामान्यतः आढळतो. परंतु लिप्यंतर झालेले पत्रही आजच्या वाचकास पुष्कळदा कळत नाही आणि कळल्यासारखे वाटते तेव्हा चुकीचे कळलेले असण्याचा संभव अधिक असतो. म्हणून कुटुंबाच्या दप्तरासाठी पत्र तयार करताना अक्षरशः लिप्यंतर, शब्द तोडून व विरामचिन्हे घालून केलेली वाचनीय प्रत आणि अर्वाचीन मराठीतील अर्थांतर अशा तीन पायऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणे इष्ट असते. शंका आल्यास मागच्या पायरीकडे परत जाता यावे, हा त्यामागील हेतू होय.

मोडी ही मराठीची जलद लेखनाची लिपी. तिचा उगम परंपरेने यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याशी जोडला जातो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती महाराष्ट्रात आणि मराठी कुटुंबे जेथे स्थायिक झाली त्या तंजावरसारख्या ठिकाणी हिशेब, पत्रव्यवहार व दप्तर यांसाठी वापरात होती. बोरू शाईत वारंवार बुडवावा लागू नये व हात उचलावा लागू नये, या गरजेतून तिची वळणे घडली. लेखक प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत जाई. या एका सवयीतून वाचकाची सर्वांत मोठी अडचण निर्माण होते : शिरोरेषा अखंड असल्यामुळे शब्द कोठे संपला हे ती सांगत नाही आणि विरामचिन्हे तर नसतातच. आकार देताना लेखणी अक्षराच्या पायथ्यापासून वळसा घेऊन वर शिरोरेषेस भिडते, त्यामुळे तोच वर्ण काना लागला की निराळा दिसतो. ‘र’ हा वर्ण शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. वेलांटी एकच असून ती देवनागरीतील दीर्घ वेलांटीप्रमाणे व उकार ऱ्हस्वाप्रमाणे वाचला जातो. अनुस्वार तर सर्रास गाळलेला असतो.

यामुळे वर्णमाला पाठ केल्याने मोडी पत्र वाचता येतेच असे नाही. छापील तक्त्यातील अक्षर हे आदर्श अक्षर असते. पत्रातील अक्षर एका विशिष्ट माणसाच्या हातचे असते. अनुभवी वाचक पत्राच्या आरंभापासून अक्षर लावीत बसत नाही. तो प्रथम ठरीव मायना व शेवट शोधतो, कारण तेथे काय लिहिलेले असणार हे आधीच ठाऊक असते. ‘तीर्थरूप’, ‘सेवेसी’, ‘साष्टांग नमस्कार’, ‘विनंती विशेष’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘लोभ करावा’ या शब्दांत मोडीतील बरीचशी वारंवार येणारी अक्षरे येऊन जातात. त्यांवरून त्या लेखकाच्या हातचा त, थ, र, व, स, ण, ब, ल कसा आहे याचा छोटा तक्ता तयार करता येतो आणि मग मधला अनोळखी मजकूर त्या तक्त्याने वाचता येतो. सुरुवातीसच अडखळलेल्या ओळीवर तास घालविण्यापेक्षा ती सोडून पुढे जाणे फायद्याचे ठरते. तेच अक्षर चार ओळींनंतर एखाद्या निःसंशय शब्दात भेटते.

वाचनापूर्वी कागदाची काळजी घ्यावी लागते. जुनी देशी शाई बहुधा काजळापासून केलेली असे. ती उन्हाने फिकी पडत नाही, पण ओलाव्याने पसरते; म्हणून घड्या सोडविण्यासाठी कागदावर पाणी शिंपडणे घातक होय. घड्या कोरड्याच, हळूहळू उलगडून सपाट कागदांमध्ये काही दिवस हलक्या वजनाखाली ठेवाव्यात. चिकटपट्टी लावणे व प्लॅस्टिकमध्ये बंद करणे या दोन उपायांनी कौटुंबिक संग्रहांतील कागदांची फार हानी झालेली आहे. छायाचित्र घेताना एक समोरच्या व एक बाजूने पडणाऱ्या तिरप्या प्रकाशात घ्यावे. घडीवर झिजलेली अक्षरे तिरप्या प्रकाशात पुष्कळदा दिसू लागतात. पाठपोट दोन्ही बाजू घ्याव्यात, कारण पत्ता, पोहोचल्याची नोंद किंवा नंतर कोणी केलेला हिशेब पाठीवर असतो. जागा संपल्यावर लेखक समासात, कधी कागद आडवा किंवा उलटा धरून लिहीत असे. हा समासातील मजकूर पुष्कळदा पत्रातील सर्वांत निकडीचा असतो आणि नेमका तोच छायाचित्राच्या कडेला कापला जातो.

पुढील पत्र नमुन्यादाखल, एकोणिसाव्या शतकातील कौटुंबिक पत्रांच्या प्रचलित धाटणीवर रचलेले आहे. परगावी नोकरीस असलेल्या मुलाने गावी वडिलांस ते लिहिले आहे, अशी कल्पना केली आहे. त्यातील मधल्या दोन ओळी कागदावर पुढीलप्रमाणे सलग दिसतील :

खतरु४२५चेदरमाहेदरशेकडारु१प्रमाणेसाहामाहीव्याजरु२५॥पाठवुनयेतोसावकारासबोलोनठेवावेजामीनमामाआहेतत्यासतोशीसलागोनद्यावी

संपूर्ण पत्राचे, लेखन जसेच्या तसे ठेवून फक्त शब्द तोडलेले लिप्यंतर असे होते :

‘श्री
तीर्थरुप रा॥ दादा वडीलाचे सेवेसी
अपत्ये बापुने कृतानेक साष्टाग नमस्कार वीज्ञापना येथील कुशल ता॥ आशाढ शु॥ ९ सौम्यवासर शके १७८६ पावेतो वडीलाचे आशीर्वादेकरुन सुखरुप असे वीशेष आपले पत्र पावले मजकुर कळला खत रु ४२५ चे दरमाहे दरशेकडा रु १ प्रमाणे साहामाही व्याज रु २५॥ पाठवुन येतो सावकारास बोलोन ठेवावे जामीन मामा आहेत त्यास तोशीस लागो न द्यावी रुपये पावताच खताचे पाठीवर भरणा लीहुन घ्यावा लेकराचे शरीरी समाधान नाही म्हणोन लीहीले तरी औषध [...] चालवावे बहुत काय लीहीणे लोभ करावा हे वीज्ञापना’

येथे ‘वीज्ञापना’, ‘लीहीणे’, ‘पाठवुन’ ही रूपे लेखकाच्या अशुद्धतेची नसून लिपीच्या प्रकृतीची आहेत. पहिल्या पायरीत ती तशीच ठेवावीत. दुसऱ्या पायरीत ती प्रमाण लेखनानुसार बदलावीत. ‘साष्टाग’ आणि ‘वडीलाचे’ यांतील गाळलेले अनुस्वार वाचनीय प्रतीत घालावयाचे ते चौकोनी कंसात घालावेत, म्हणजे मूळचे कोणते व संपादकाचे कोणते हे पुढील वाचकास दिसते. फाटलेल्या जागी तीन टिंबे कंसात ठेवावीत आणि संदिग्ध अक्षरापुढे प्रश्नचिन्ह घालावे. औषधाचे नाव फाटलेल्या भागात गेले असेल, तर कुटुंबातील आठवणीवरून ते भरून काढण्याचा मोह होतो. तशी आठवण असल्यास ती टीपेत द्यावी, मजकुरात नव्हे.

आता अडचणीच्या जागा पाहू. पहिली ‘पाठवुनयेतो’ ही होय. हा अक्षरसमूह दोन प्रकारे तुटतो. ‘पाठवून येतो’ असा तोडल्यास मुलगा व्याजाचे रुपये पाठवून स्वतःही येणार आहे, असा अर्थ निघतो. ‘पाठवू नये. तों सावकारास बोलोन ठेवावे’ असा तोडल्यास अर्थ नेमका उलटा होतो : रुपये पाठवू नयेत, तोपर्यंत सावकाराशी बोलणे करून ठेवावे. ‘तों’ हा ‘तोपर्यंत’ या अर्थाचा शब्द जुन्या मराठीत नित्याचा आहे आणि मोडीत त्याचा अनुस्वार गळाला तर तो सर्वनामासारखा किंवा क्रियापदाच्या शेवटासारखा दिसतो. दोन्ही वाचने व्याकरणास धरून आहेत. ‘रुपये’ या अनेकवचनापुढे ‘नये’ऐवजी ‘नयेत’ अपेक्षित आहे हे खरे, परंतु येथे कर्ता ‘व्याज’ असल्याने तो आधारही लंगडा पडतो. अक्षरांकडे कितीही वेळ पाहिले तरी निर्णय होत नाही.

असा निर्णय तीन ठिकाणांहून मिळवावयाचा असतो. पहिले, त्याच पत्रातील पुढचा मजकूर. ‘रुपये पावताच खताचे पाठीवर भरणा लिहून घ्यावा’ ही सूचना रुपये लवकरच पोहोचणार आहेत असे गृहीत धरते. रुपये पाठवू नयेत असे सांगणारा लगेच ती करणार नाही. दुसरे, लेखकाची सवय. त्याच हाताची आणखी पत्रे असतील, तर त्यात ‘तों’ हा शब्द तो वापरतो काय आणि निषेध ‘नये’ने करतो की ‘न पाठवावे’ असा करतो हे पाहावे. या पत्रात निषेधाचे एकच उदाहरण आहे व ते ‘लागो न द्यावी’ असे आहे; एकट्या उदाहरणावर भार टाकता येत नाही, पण ते पहिल्या वाचनाच्या विरुद्ध जात नाही. तिसरे व सर्वांत भक्कम साधन म्हणजे त्याच रुमालातील इतर कागद. ज्या खताचा उल्लेख आहे ते खत सापडले आणि त्याच्या पाठीवर श्रावण महिन्यात साडेपंचवीस रुपये भरल्याची नोंद असली, तर वाद मिटतो. म्हणूनच जुना रुमाल सोडताना कागद ज्या क्रमाने व ज्यांच्यासोबत बांधलेले होते तो क्रम प्रथम लिहून ठेवावा लागतो. पत्रे एकीकडे, खते दुसरीकडे अशी नीटनेटकी वाटणी केली की हा पुरावा नाहीसा होतो. कोणताच आधार न मिळाल्यास दोन्ही वाचने द्यावीत. अर्थांतरात एकच वाक्य गुळगुळीत करून लिहिणे म्हणजे नसलेली खात्री दाखविणे होय.

एका अक्षराने आज्ञा कशी उलटते याची मराठी माणसास परिचित असलेली कथा ‘ध चा मा’ ही आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेल्या नारायणराव पेशव्याच्या खुनासंबंधीची ही आख्यायिका असून, तीत ‘धरावे’चे ‘मारावे’ होते. तेथे अक्षर जाणूनबुजून बदलल्याचे सांगितले जाते. मोडी वाचणाऱ्याकडून तेच अजाणता घडते, एवढाच फरक.

दुसरी जागा ‘जामीन’ ही आहे. ज या अक्षरावरील आकाराचा वर जाणारा फाटा घडीत झिजला असल्यास तो शब्द ‘जमीन’ असा वाचला जाईल आणि मामांची जमीन गहाण पडली होती, अशी एक कथा कुटुंबात रूढ होईल. येथे वाक्यरचना साहाय्यास येते. ‘जमीन मामा आहेत’ हे वाक्य लागत नाही, ‘जामीन मामा आहेत’ हे लागते. तसेच ‘त्यास तोशीस लागो न द्यावी’ हे माणसाविषयीच म्हणता येते. वाचलेला शब्द ओळखीचा आहे एवढ्यावर समाधान न मानता संपूर्ण वाक्य लागते की नाही हे पाहणे, ही मोडी वाचनातील खरी कसोटी होय.

तिसरी जागा आकड्यांची. मोडी पत्रांतील दोन दंड (॥) दोन कामे करतात. ‘रा॥’, ‘शु॥’, ‘चि॥’, ‘मौ॥’ यांत ते शब्द संक्षिप्त केल्याचे चिन्ह असून त्यांचे अर्थ अनुक्रमे राजश्री, शुद्ध, चिरंजीव व मौजे असे आहेत. आकड्यापुढे मात्र ते अर्ध्याचे चिन्ह होत : एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयांत हेच चार, आठ व बारा आणे झाले. तेव्हा ‘रु २५॥’ म्हणजे पंचवीस रुपये आठ आणे. हे वाचन पडताळूनही पाहता येते. मुद्दल ४२५ रुपये आणि व्याज दरमहा शेकडा एक रुपया, म्हणजे महिन्यास सव्वाचार रुपये. सहा महिन्यांचे साडेपंचवीस. दंड केवळ पूर्णविराम समजून ‘पंचवीस’ वाचले असते, तर हिशेब आठ आण्यांनी चुकला असता. उलट एखाद्या पत्रात मुद्दलाचा आकडा अस्पष्ट असेल, तर व्याजावरून तो काढता येतो. पत्रात हिशेब असणे ही वाचकास लाभलेली मोठीच सोय आहे, कारण शब्दांना नसलेली स्वतंत्र कसोटी आकड्यांना असते.

संक्षेपही संदर्भानेच सोडवावे लागतात. ‘ता॥’ हा मितीपूर्वी आला की ‘तागायत’ आणि गावाच्या नावाजवळ आला की बहुधा ‘तालुका’. नमुन्यातील ‘कुशल ता॥ आषाढ शु॥ ९ पावेतो’ यात तो पहिल्या अर्थाने आहे. तो तालुक्याचा समजून ‘आषाढ’ नावाचे गाव शोधण्याचा प्रसंग विनोदी वाटला, तरी नवशिक्यांवर असे प्रसंग येतात.

मितीचे रूपांतर हा स्वतंत्र विषय आहे, पण कौटुंबिक दप्तराच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : मितीसोबत वार दिला असेल, तर तो वाया घालवू नये. शकाच्या वर्षात ७८ मिळविले की चैत्रापासून पौषाच्या पूर्वार्धापर्यंतच्या मितींसाठी इसवी सनाचे वर्ष मिळते. त्यानंतरच्या मितींसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १७८६ चा आषाढ त्यामुळे १८६४ मध्ये पडतो. त्या वर्षीची आषाढ शुद्ध नवमी जंत्रीनुसार १३ जुलै १८६४ रोजी, बुधवारी येते. पत्रात ‘सौम्यवासर’ आहे. सौम्य या शब्दात सोम दिसत असल्याने तो सोमवार समजण्याची चूक वारंवार होते. परंतु सौम्य म्हणजे सोमाचा पुत्र बुध, आणि सौम्यवासर म्हणजे बुधवार. सोमवारास इंदुवासर असे म्हणतात. तसेच भौम म्हणजे मंगळ, भृगु म्हणजे शुक्र आणि मंद म्हणजे शनी. वार जुळला, म्हणजे तिथीचा अंक व वर्ष दोन्ही बरोबर वाचले गेले याची बरीच खात्री पटते. सोमवार समजणाऱ्यास मात्र मिती जुळत नाही आणि तो मुळात बरोबर असलेला वर्षाचा आकडा बदलू लागतो. एका दिवसाचा फरक आल्यास घाबरण्याचे कारण नाही, कारण तिथी सूर्योदयाच्या आगेमागे बदलते व निरनिराळ्या पंचांगांत थोडा फरक असतो. दोन किंवा अधिक दिवसांचा फरक आल्यास मात्र वाचन पुन्हा तपासावे.

पेशवाईतील कागद हाती आल्यास शकाऐवजी शुहूर सन आढळतो व तो अरबी संख्यावाचक शब्दांत, एककापासून सहस्रापर्यंत अशा उलट्या क्रमाने लिहिलेला असतो. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६१. या वर्षाचा आरंभ मृगाच्या सुमारास, ज्येष्ठात होतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला तो याच ११६१ सालात. अशा कागदांत महिना बहुधा मुसलमानी असून त्यापूर्वीचे ‘छ’ हे अक्षर चंद्र, म्हणजे चांद्र तारीख दर्शविते.

लिप्यंतर निश्चित झाल्यावर अर्थांतराकडे वळावे. येथील धोका अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांचा अधिक असतो. ‘तोशीस’, ‘निसबत’, ‘गुदस्त’ यांसारखे शब्द अडले की वाचक कोश उघडतो. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि माधवराव पटवर्धन यांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश हे त्यासाठी आजही उपयुक्त आहेत. परंतु ‘खत’, ‘लोभ’, ‘पावणे’, ‘समाधान’ हे शब्द कळतात असे वाटल्याने कोश उघडलाच जात नाही. नमुन्यातील ‘खत’ हे शेतात घालावयाचे नसून कर्जरोखा आहे, ‘लोभ’ म्हणजे हाव नव्हे तर स्नेह, ‘पावले’ म्हणजे पोहोचले, आणि ‘शरीरी समाधान नाही’ याचा मनःशांतीशी काही संबंध नाही. मूल आजारी आहे एवढेच त्यात सांगितले आहे. त्याचप्रमाणे एखाद्याविषयी ‘देवाज्ञा झाली’ असे लिहिले असल्यास ती मृत्यूची बातमी असते आणि वंशावळीच्या दृष्टीने पत्रातील तो सर्वांत मोलाचा मजकूर ठरतो.

नातेवाचक मायन्यांचा अर्थ करताना विशेष सावध राहावे लागते. ‘तीर्थरूप’ हा मायना केवळ वडिलांस नव्हे, तर आई, चुलते, थोरले बंधू अशा जवळच्या वडीलधाऱ्या व्यक्तींस लावला जाई. ‘वडील’ हा शब्दही जुन्या भाषेत ‘वयाने व मानाने थोर’ या अर्थाचा आहे. ‘अपत्ये’ या शब्दाने लिहिणारा पोटचा मुलगा ठरतोच असे नाही. पुतण्याही चुलत्यास नम्रतेने तसे लिहीत असे. घरात ‘दादा’ कोणास म्हणत असत, हे तर घराघरावर अवलंबून असते. नमुन्यातील पत्र वडील-मुलाचे आहे असे वर गृहीत धरले आहे. खऱ्या पत्राबाबत तसे गृहीत धरून वंशावळीत रेघ ओढणे चुकीचे होईल. त्यासाठी खताचे नाव, वतनाचा कागद किंवा तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायाच्या वहीतील नोंद यांसारखा दुसरा आधार हवा.

मायन्यातील व शेवटातील ठरीव वाक्ये अर्थांतरात किती ठेवावीत याबद्दल मतभेद आहेत. ती सर्वस्वी गाळली, तर पत्र तारेसारखे कोरडे होते व लेखक कोणास किती मान देत होता हे लपते. शब्दशः ठेवली, तर आजच्या वाचकास तीच त्या माणसाची खास भावना वाटू लागते. ती ठेवावीत पण साधी करावीत, हा मध्यम मार्ग बरा. त्यानुसार नमुन्याचे अर्थांतर पुढीलप्रमाणे होईल :

‘श्री. तीर्थरूप दादांच्या सेवेशी, आपल्या बापूचा साष्टांग नमस्कार. आपल्या आशीर्वादाने इकडे आज आषाढ शुद्ध नवमी, बुधवार, शके १७८६ (१३ जुलै १८६४) पर्यंत सर्व कुशल आहे. आपले पत्र पोहोचले व मजकूर समजला. ४२५ रुपयांच्या कर्जरोख्यावरील, दरमहा शेकडा एक रुपया या दराने होणारे सहा महिन्यांचे व्याज, साडेपंचवीस रुपये, पाठवून मी येतो. [दुसरे वाचन : ... साडेपंचवीस रुपये पाठवू नये, तोपर्यंत...] सावकाराशी बोलून ठेवावे. मामा जामीन आहेत; त्यांना त्रास पोहोचू देऊ नये. रुपये मिळताच रोख्याच्या पाठीवर रक्कम भरल्याची नोंद करून घ्यावी. मुलाची प्रकृती बरी नाही असे आपण लिहिले, तरी [...] औषध चालू ठेवावे. अधिक काय लिहावे? लोभ असावा, ही विनंती.’

कंसातील दुसरे वाचन वाचकाच्या डोळ्यास खुपते व कुटुंबातील मंडळी ते काढून टाकण्याचा आग्रह धरतात. रोख्याच्या पाठीवरील नोंद सापडेपर्यंत ते राहू देणेच योग्य असते. ती सापडल्यावर कंस काढून नोंदीचा उल्लेख टीपेत करता येतो. तयार झालेल्या तिन्ही प्रती, छायाचित्र आणि वाचकाने केलेला त्या हाताच्या अक्षरांचा तक्ता एकत्र ठेवावीत. तक्ता टाकून देण्याची प्रथा सार्वत्रिक असली, तरी त्याच लेखकाचे पुढचे पत्र निघाले की पहिल्याने त्याचीच गरज भासते. संगणकावर मोडी अक्षरे उमटविण्याची सोय जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाल्यापासून उपलब्ध आहे. परंतु तीत उमटणारे अक्षर एकाच ठशाचे असल्यामुळे मूळ हाताचे वळण दाखविण्यास छायाचित्रच लागते.